सॅकच्या झाकणात एक यादी चिकटवा

येत्या मे महिन्यात तुमचं मूल पहिल्यांदाच निवासी शिबिराला जाणार असेल, तर एक विनंती आहे. त्याची सॅक तुम्ही एकट्याने भरू नका. रात्री ते झोपल्यावर तर मुळीच भरू नका. मूल शेजारी बसलेलं असू द्या, कपडे त्याच्या हाताने आत जाऊ द्या आणि काय काय आत गेलं ते त्याच्याच अक्षरात कागदावर उतरू द्या. सहा रात्रींनंतर त्या वस्तू घरी परत याव्यात असं वाटत असेल, तर परतीची सोय सॅक भरतानाच करायची असते.

मी कोथरूडमध्ये राहते आणि उन्हाळी शिबिरांत मदतीला जाते. शेवटच्या दिवशी मुलांच्या खोल्या झाडून निघाल्या की सभागृहाच्या मधोमध बिनमालकाच्या वस्तूंचा ढीग होतो. त्याच्याभोवती मुलांना बसवून एकेक वस्तू उंच धरून विचारायचं, हे काम माझ्याकडे असतं. ढिगात काय असतं ते आता पाठ झालं आहे. सुटे मोजे, गडद निळ्या ट्रॅक पँट, ओले पंचे, बाटल्यांची झाकणं, चमचे, आणि एखादी चप्पल. यातलं काहीच खऱ्या अर्थाने हरवलेलं नसतं, सगळं समोर असतं. पण कोणी हात वर करत नाही. एखाद्या मुलाला जवळ बोलावून विचारावं, ‘हा टी-शर्ट तुझा ना रे?’ तर तो अगदी मनापासून ‘नाही’ म्हणतो. तो टी-शर्ट त्याचाच असतो. निघायच्या आदल्या दिवशी आईने नवा आणून, घडी मोडण्याआधीच सॅकच्या तळाशी ठेवलेला असतो आणि त्याने तो कधी पाहिलेलाच नसतो. जी वस्तू आपली म्हणून कधी पाहिली नाही, ती मूल ओळखणार कशी?

कोथरूडच्या घरांना शिबिर नवं नाही. राष्ट्र सेवा दल 1941 सालचं, ज्ञान प्रबोधिनी 1962 सालची. आजच्या कितीतरी आजी-आजोबांनी लहानपणी शिबिरं केलेली आहेत. पण तेव्हा बरोबर दोन-तीन जोड कपडे आणि एक वळकटी असायची. आज चांदणी चौक ओलांडून मुळशीकडे किंवा खडकवासल्यावरून पानशेतकडे निघालेल्या मुलाच्या सॅकमध्ये पन्नासच्या वर नग असतात, आणि बरेचसे शेजारच्या गादीवरच्या मुलाच्या नगांसारखेच दिसतात, कारण दोघांच्याही घरची खरेदी त्याच दोन-तीन मोठ्या दुकानांतून झालेली असते. म्हणून मोजदाद, नाव आणि परतीची तपासणी या तीन गोष्टी आता जास्त नीट कराव्या लागतात. तिन्हींना मिळून एकच कागद पुरतो.

उदाहरण म्हणून डहाणूकर कॉलनीतली चौथी संपवलेली एक मुलगी धरू. सोमवारी सकाळी बस निघणार, रविवारी संध्याकाळी परत येणार. म्हणजे सात दिवस आणि सहा रात्री. संस्थेने यादी पाठवलेली असेल तर ती आधी वाचा, ती शेवटची मानायची. पण बहुतेक याद्यांमध्ये ‘पुरेसे कपडे’ असे दोन शब्द असतात आणि तिथेच घरातले मोठे गोंधळतात. पुरेसे म्हणजे किती?

सोमवारचे कपडे तिच्या अंगावर असतील. मंगळवार ते रविवार या सहा दिवसांसाठी सहा गुंडाळ्या करा. एका गुंडाळीत एक टी-शर्ट, एक स्लिप आणि एक चड्डी. तिन्ही एकत्र घट्ट गुंडाळून वर रबर बँड. मुलगा असेल तर स्लिपच्या जागी बनियन. रोज सकाळी आंघोळीला जाताना मुलीने एक गुंडाळी काढायची, बस्स. काय घालू, कशावर काय जाईल, असले प्रश्नच उरत नाहीत. दुसरा फायदा मोठा आहे. बुधवारी रात्री सॅकमध्ये चार गुंडाळ्या दिसायला हव्यात. पाच किंवा सहा दिसल्या, तर मुलगी कपडे बदलत नाही हे गटाच्या ताईला सॅक न उपसता, मुलीला चारचौघांत न विचारता कळतं.

गुंडाळ्यांच्या बाहेर तीन जादा चड्ड्या आणि एक जादा टी-शर्ट ठेवा. चड्ड्या तीन का, तर शिबिरात पाण्यातले खेळ असतात, मेच्या उत्तरार्धात दुपारी वळवाची सर येऊ शकते, आणि ओली चड्डी दिवसभर अंगावर राहिली की जांघेत चट्टे पडून मूल चालेनासं होतं. टी-शर्ट एखादा कमी पडला तर काही बिघडत नाही, तोच परत घालता येतो. खालच्या कपड्यांचं तसंच आहे. पाच पुरतात: दोन लांब ट्रॅक पँट आणि तीन अर्ध्या, त्यातली एक निघताना अंगावर. रानात भटकायला जाताना लांबच पँट हवी; काटे आणि किडे दोन्हींसाठी. रात्रीच्या कपड्यांचे दोन जोड. मोज्यांचे पाच जोड. पंचे दोन, नॅपकिन दोन, टोपी एक, रेनकोट एक. जाड टर्किश टॉवेल देऊ नका. तो दमट खोलीत दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो आणि मूल तो तसाच सॅकमध्ये कोंबतं. पातळ पंचा दोरीवर तासाभरात वाळतो. स्वेटर एक द्या. पुण्यात मे महिन्यात स्वेटर म्हटलं की घरात हसतात, पण धरणाकाठी पहाटे व्यायामाला बसताना गारवा असतो आणि पाचगणीसारख्या ठिकाणी तर तो रोज संध्याकाळी लागतो.

आता नग मोजा. टी-शर्ट आठ, पँट पाच, चड्ड्या दहा, स्लिप सात, रात्रीचे दोन जोड म्हणजे चार, मोज्यांचे पाच जोड म्हणजे दहा, पंचे-नॅपकिन मिळून चार, आणि स्वेटर, रेनकोट, टोपी. एकूण 51. मोजे जोडीने लिहू नका, नगाने लिहा. शिबिरात जोडी कधीच हरवत नाही, हरवतो तो एक मोजा. आणि यादीत ‘पाच जोड’ असं असलं की नऊ मोजे परत आलेले असतानाही घाईत टिक केली जाते.

51 हा आकडा वाचून वाटेल, आणखी चार-पाच असूच द्यावेत, काय बिघडतं? बिघडतं. सॅक मुलीला स्वतः उचलावी लागते, बसपासून खोलीपर्यंत आणि बहुधा दोन जिने वर. भरून झाली की तिच्या पाठीला लावा आणि इमारतीचा एक मजला चढून उतरायला सांगा. वाटेत थांबून सॅक खाली ठेवावी लागली, तर पुन्हा उघडा आणि काढा. शिवाय ठासून भरलेली सॅक परतीच्या सकाळी मुलाला बंदच करता येत नाही. तुम्ही घरी गुडघा दाबून चेन लावलेली असते. तिथे ओल्या कपड्यांनिशी तीच चेन त्याला लावायची असते. मग न मावलेल्या वस्तू हातात येतात, हातातून बाकावर, आणि बाकावरून ढिगात. सॅकचा वरचा चौथा भाग जाताना मोकळा असायला हवा.

नावाकडे वळू. संस्था ‘सर्व वस्तूंवर नाव घालावे’ असं लिहिते आणि घरी मार्कर शोधून कॉलरच्या आत नाव लिहिलं जातं. सुती कपड्यावर ते बरं टिकतं. ड्राय-फिट म्हणून मिळणाऱ्या पॉलिस्टरच्या टी-शर्टवर शाई पसरते आणि दोन-तीन धुण्यांत फिकट होते. गडद निळ्या किंवा काळ्या पँटवर ती दिसतच नाही, आणि ढिगात सगळ्यात जास्त असतात त्या याच पँट. इस्त्रीने चिकटणारे तयार लेबल सुती कपड्यावर चांगले बसतात. पण ते बसायला इस्त्री चांगली तापलेली लागते, आणि तेवढी तापलेली इस्त्री पॉलिस्टरवर ठेवली तर कापड आक्रसतं किंवा त्यावर चकाकता डाग पडतो.

सगळ्यांत भरवशाची गोष्ट साधी आहे. शिवणसामानाच्या दुकानातून बोटभर रुंदीची पांढरी सुती पट्टी आणा. कर्वे रस्त्यावर मिळेल, नाहीतर तुळशीबागेत नक्की. मोजे सोडले तर आपल्या यादीतले 41 नग राहतात. एकेका नगाला पाच सेंटिमीटर आणि सतरंजी-चादरीला आणखी दोन तुकडे धरले तर सव्वादोन मीटर पट्टी पुरते. तुकडे कापण्याआधी लांब पट्टीवरच परमनंट मार्करने ओळीने नावं लिहून घ्या, पूर्ण वाळू द्या, वरून गरम इस्त्री फिरवा. मग कापून, कडा दुमडून धावदोऱ्याने टाचा. दोन संध्याकाळचं काम आहे. तिसरी-चौथीतलं मूल सुई धरू शकतं. पंचे आणि नॅपकिन त्यालाच टाचू द्या. टाके वेडेवाकडे पडले तर उत्तमच, ते त्याला दुरून ओळखू येतात.

जागा एकदा ठरवा आणि बदलू नका. टी-शर्टला मानेच्या आत मागे, पँटला कमरेच्या आत मागे. चड्डीच्या इलॅस्टिकवर पट्टी चारी बाजूंनी टाचली तर इलॅस्टिक ताणलं जाताना दोरा तुटतो. म्हणून तिथे एकाच कडेने टाचा, दुसरी कड मोकळी सोडा. पंच्याला मात्र पट्टी कोपऱ्यात दुहेरी दुमडून कडीसारखी लावा. नावही होतं आणि खिळ्याला अडकवायची सोयही होते. कडी नसलेला पंचा दाराच्या कडेवर टाकला जातो, तिथून घसरून दारामागे पडतो आणि शेवटच्या दिवशी तिथेच सापडतो.

मोज्यांना पट्टी बोचते. त्यांच्या बोटांकडच्या शिवणीवर एकाच रंगाच्या दोऱ्याचे चार-पाच टाके घाला, दहाही मोज्यांना तोच रंग. केशरी, पोपटी, असा सहसा न दिसणारा रंग निवडा आणि तोच दोरा बाकीच्या पट्ट्या टाचायलाही वापरा. गटातल्या सहा जणींचे मोजे एका बादलीत धुतले गेले तरी आपला रंग लगेच हाती लागतो. रंगाने ओळख पटवण्याची ही रीत जुनी आहे. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं जे पहिलं शिबिर घेतलं, तिथे चार गटांतल्या मुलांच्या खांद्यावर गटागटाच्या रंगाच्या लोकरीचे झुबके लावले होते, म्हणजे कोण कुठल्या गटातलं हे दुरून कळावं.

आपल्याकडे तर कपड्यांवर खूण करण्याचं काम परीट पिढ्यान् पिढ्या करत आले. बिब्ब्याच्या रसात चुना मिसळला की काळी खूण उठते आणि ती पाण्याने जात नाही. काष्ठौषधींच्या दुकानात बिब्बे आजही मिळतात आणि कुणी हौसेने सुचवेलही. पण मुलांच्या कपड्यांसाठी हा उद्योग घरी करू नका. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड उठतात आणि काहींना ते फार भोवतं.

भांड्यांची गोष्ट निराळी. ताट, वाटी, पेला, चमचा घरून आणायला सांगणारी शिबिरं बरीच आहेत, आणि खरकटी भांडी एकाच नळाखाली घासली जातात. स्टीलवर मार्करने लिहिलेलं नाव घासणीने जातं. बाटलीवरचं नाव तर सॅनिटायझर लागलेला हात फिरला तरी पुसतं, कारण त्या शाईला अल्कोहोल विरघळवतं. भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळतं, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर असतं तसं. बाटलीवर आणि तिच्या झाकणावर वेगवेगळं नाव घालून घ्या. झाकण बाटलीपासून सुटतं, हे आधीच गृहीत धरायचं. प्लॅस्टिकच्या टॉर्चवर किंवा साबणदाणीवर कागदी पट्टी लावून त्यावरून पारदर्शक चिकटपट्टीचा पूर्ण वेढा द्या. नुसतं स्टिकर पाण्याने सुटतं. बुटांच्या जिभेच्या आतल्या बाजूला लिहा. तळव्याच्या बाजूला लिहिलेलं घामाने आणि घासून चार दिवसांत जातं.

नाव लिहायचं म्हणजे काय लिहायचं, हेही ठरवा. एका शिबिरात एकाच नावाच्या दोघी-तिघी असू शकतात, तेव्हा नुसतं पहिलं नाव पुरत नाही. पहिलं नाव, आडनाव आणि पालकाचा फोन नंबर. कपड्यावर जागा नसेल तर नावापुढे आडनावाचं पहिलं अक्षर. देवनागरीत लिहा किंवा रोमनमध्ये, मूल जी लिपी झरझर वाचतं ती निवडा. नाव आतल्या बाजूलाच हवं. सॅकच्या पाठीवर ठळक अक्षरात नाव रंगवू नका. बस थांबते तिथे, वाटेतल्या हॉटेलात, कुणीही अनोळखी माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो, आणि नावाने हाक मारणारा माणूस ओळखीचाच असणार असं मुलाला वाटतं. बाहेर ओळखायला सॅकच्या पट्ट्याला एक रंगीत रिबन पुरेल.

पट्ट्या लावून झाल्या की सगळे कपडे एकदा धुऊन घ्या. जे नाव जायचं आहे ते घरीच जाईल आणि परत लिहिता येईल. नव्या कपड्याचा रंगही याच वेळी सुटतो, शिबिरातल्या बादलीत दुसऱ्याच्या पांढऱ्या बनियनवर नाही.

यादीचा कागद आता तयार करा. डावीकडे वस्तू, पुढे तीन रकाने: जाताना, निघताना, घरी. जाताना म्हणजे कोथरूडहून, निघताना म्हणजे शिबिराहून. वस्तूचं वर्णन मुलाच्या शब्दांत असू द्या. ‘टी-शर्ट 8’ या ओळीने कुणालाच काही सांगता येत नाही. ‘हिरवा टी-शर्ट, वाघवाला’ असं लिहिलं की तो शोधता येतो. आठही टी-शर्ट वेगळे लिहा, चड्ड्या नुसत्या आकड्याने चालतील. एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या झाकणाच्या आत चिकटवा, दुसरी घरी ठेवा. सगळं सामान सतरंजीवर पसरून मोबाइलवर एक फोटोही काढा. मुलाकडे फोन नसेल, नसावाच. फोटो तुमच्यासाठी आहे. नंतर ताईला फोन करून ‘निळा पंचा राहिला’ म्हणण्याऐवजी तो पंचा दाखवता येतो.

काही गोष्टी या यादीत येत नाहीत. औषध सॅकमध्ये ठेवू नका. बसपाशी ताईच्या हातात द्या, मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, नाव आणि वेळ लिहून. गोळ्या किती दिल्या ते घरच्या प्रतीवर टिपून ठेवा. दहाची पट्टी दिली आणि रोज रात्री एक घ्यायची असेल, तर चार परत यायला हव्यात. सात परत आल्या तर तीन रात्री औषध चुकलं, आणि हे डॉक्टरांना कळायला हवं.

मूल कधीमधी अंथरूण ओलं करत असेल तर ते लपवून पाठवू नका. फोनवर, एकट्या ताईशी किंवा दादाशी बोला. गडद रंगाची एक जादा पायजमा-जोडी आणि अंथरुणाखाली घालायचं प्लॅस्टिक वेगळ्या साध्या पिशवीत द्या आणि ती पिशवी कुठे आहे हे फक्त मुलाला दाखवा. सांभाळणाऱ्यांना हे नवं नसतं. ते रात्री एकदा उठवतात आणि बाकी कुणाला कळत नाही. त्याचप्रमाणे दहाच्या पुढच्या मुलीला, पाळी अजून सुरू झालेली नसली तरी, एका छोट्या बटव्यात चार-पाच पॅड आणि एक जादा चड्डी द्या आणि ते कसं वापरायचं ते घरी दाखवा. पहिली पाळी शिबिरात आली आणि बटवा जवळ असला, तर मुलगी घाबरत नाही, विचारायला जाते.

दोन पिशव्या रिकाम्या द्या. एक कापडी, मळलेल्या कपड्यांसाठी. एक प्लॅस्टिकची, ओल्यासाठी. ओलं आणि मळलेलं एकत्र बांधलं तर दुसऱ्या दिवशीच कुबट वास येतो आणि पांढऱ्या कपड्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग निघत नाहीत. वापरलेली गुंडाळी परत गुंडाळून स्वच्छ कपड्यांत जाऊ नये म्हणून रबर बँड सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायची सवय सांगा.

परतीच्या सकाळी काय राहतं, हे मुलाला घरीच सांगून ठेवा, कारण राहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दोरीवर पंचा, न्हाणीघरातल्या खिळ्याला स्लिप, गादीखाली मोजा, जेवणघरात बाटली, नळापाशी ताट, दाराबाहेर चप्पल. यातल्या बहुतेक वस्तू शेवटच्या तासापर्यंत वापरात असतात, म्हणून त्या आधी भरताच येत नाहीत. यादीच्या तळाशी चौकट आखून त्यात या लिहा: ब्रश, पंचा, बाटली, ताट, चप्पल. सॅक बंद करण्याआधी फक्त ही चौकट वाचायची. नऊ वर्षांच्या मुलाला परतीच्या गडबडीत 51 नग मोजायला लावणं अन्याय आहे. पाच वस्तू ते नक्की मोजतं. दुसरा रकाना गटाच्या ताईने रात्रीच मुलांना सॅक उघडून भरून घ्यायला लावला तर फार बरं. शिबिर चालवणाऱ्यांना माझं हे आग्रहाचं सांगणं आहे: शेवटच्या रात्री शेकोटीच्या आधी अर्धा तास यासाठी ठेवा. शेकोटीनंतर मुलं पेंगतात, सकाळी आरडाओरडा असतो.

रविवारी संध्याकाळी बस येईल. मूल उतरेल तेव्हा त्याच्याशी बोला, त्याचं ऐका. तिथे रस्त्यावर सॅक उघडू नका. फक्त मोठ्या तीन वस्तू पाहा: सॅक, वळकटी, बाटली. बस निघून गेली की या तिन्हींचा माग काढणं सगळ्यांत अवघड जातं.

घरी गेल्यावर मात्र त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, गॅलरीत सॅक उलटी करा. गॅलरीत अशासाठी की तळाशी माती, वाळकं गवत, कधी एखादा किडा असतो. सगळं थेट मशीनमध्ये टाकू नका. आधी यादी घ्या, मुलाने एकेक वस्तू वाचावी, तुम्ही तिसऱ्या रकान्यात टिक करा. मूल कुठे काय घडलं ते आपणहून सांगत जातं; मोजा उचलला की ओढ्याची गोष्ट निघते. कपडे बोलतात तेही ऐका. सहातल्या चार गुंडाळ्या जशाच्या तशा आल्या, तर मुलीला आंघोळीला जायची लाज वाटली असेल किंवा रांगेत नंबर लागला नसेल. टूथपेस्ट अगदी भरलेली असेल, तर त्यावर नंतर, शांतपणे बोला. दोन मोजे आणि एक नॅपकिन आला नाही म्हणून रागावू नका. रागावलात तर पुढच्या वर्षी मूल वस्तू वापरणारच नाही, सॅकमध्ये तशाच जपून परत आणेल.

काय आलं नाही आणि काय दुसऱ्याचं आलं, या दोन्हींची नोंद करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संस्थेला कळवा. उशीर करू नका. पुढची तुकडी लगेच येणार असते, तेव्हा ढीग पोत्यात भरून कोपऱ्यात जातो किंवा गरजूंना वाटला जातो आणि ते योग्यच असतं. कळवताना वस्तूचं वर्णन, खुणेचा रंग आणि मुलाचा गट सांगा. फोटोतली ती वस्तू वेगळी कापून पाठवा. दुसऱ्याची वस्तू आली असेल तर आधी आत नाव पाहा. नंबर असेल तर थेट फोन करा. नसेल तर धुऊन, वाळवून, कागदाच्या पिशवीत घालून वर शिबिराची तारीख आणि मुलीचा गट लिहून संस्थेच्या कार्यालयात पोहोचवा, अगदी एकच मोजा असला तरी. त्याचा जोडीदार दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत टिकेची वाट पाहत असतो.

आणि घरची यादी फेकू नका. जे न वापरता परत आलं त्यावर गोल करा, जे कमी पडलं ते कडेला लिहा, आणि तो कागद रिकाम्या सॅकमध्येच ठेवून द्या. पुढच्या मे महिन्यात मूल एक वर्षाने मोठं झालेलं असेल. तेव्हा या कागदावरून सॅक त्याची त्याने भरायची आणि तुम्ही फक्त नग मोजायचे.